वेदनाशामक लेप : त्वचेंतून आंत किती जातो?

[नभोवाणीवरील भाषण]

दुखण्यावर लावण्याची चपटी ट्यूब ज्याच्या फडताळांत नाहीं असें घर आज शोधूनच काढावें लागेल. आजोबांची पाठ, आजीचे गुडघे, सूनबाईची मान आणि क्रिकेटहून लंगडत परतलेल्या नातवाचा घोटा या सर्वांची सेवा ती एकच ट्यूब करीत असते. तिच्या शेजारीं हल्लीं स्प्रेचा एक डबाही असतो. या दोन्ही वस्तूंविषयीं घराघरांत एकच वाक्य ऐकूं येतें : "लावायचें औषध तें, पोटांत थोडेंच जातें!" या वाक्यांत अर्धें सत्य आहे, आणि अर्ध्या सत्याचें दुखणें असें कीं, त्यावर भरंवसा ठेवून चालणारा मनुष्य उरलेल्या अर्ध्यावर ठेंचाळतो. तेव्हां त्वचेवर चोळलेल्या औषधापैकीं शरीरांत जातें तरी किती, याचा हिशेब प्रथम पाहूं.

त्वचा म्हणजे कापड नव्हे. तिचा सर्वांत वरचा थर मेलेल्या चपट्या पेशींचा असतो. विटा रचाव्या तशा त्या एकीवर एक रचलेल्या असतात, आणि दोन विटांमध्यें चुन्याऐवजीं मेदाचा सांधा भरलेला असतो. हा थर कागदाहूनही पातळ आहे. परंतु पाऊस, घाम, धूळ व जंतु यांना थोपवून धरण्याचें सारें काम तोच करतो. औषधालाही तो सहजासहजीं वाट देत नाहीं. जें औषध मेदांत विरघळतें आणि ज्याचे कण फार मोठे नसतात, तेंच या सांध्यांतून हळूहळू झिरपतें. लेपांत मद्यार्क किंवा तत्सम द्रव घातलेले असतात ते या सांध्यांना किंचित् सैल करण्यासाठीं. झिरपलेलें औषध लगेच रक्तांत जातें असेंही नाहीं. तें कांहीं काळ त्वचेंतच सांठून राहतें, आणि तेथून थोडें थोडें खालच्या मांसाकडे व सांध्याकडे आणि थोडें रक्ताकडे जातें. गोळी घेतल्यावर रक्तांतील औषध कांहीं तासांतच शिखरास पोंचतें. लेपाचें शिखर मात्र दहा ते चौदा तासांनीं येतें. सकाळीं लावलेला लेप दुपारीं धुऊन टाकला म्हणजे हिशेब मिटला, असें समजण्यांत म्हणूनच अर्थ नाहीं.

आतां आंकडे. आपल्याकडे पुष्कळ खपणारें एक वेदनाशामक म्हणजे डायक्लोफेनॅक. हें औषध स्वित्झर्लंडमध्यें तयार झालें व १९७३ पासून विकूं लागलें. गोळीनंतर पुष्कळ वर्षांनीं त्याचा लेप आला. या लेपाचें प्रमाण बहुधा शेंकडा १ असतें. म्हणजे १ ग्रॅम लेपांत १० मिलिग्रॅम औषध. वेष्टणावर १.१६ असा विचित्र आंकडा छापलेला दिसला तर गोंधळून जाऊं नये. तो डायक्लोफेनॅकच्या दुसऱ्या एका क्षाराचा आंकडा आहे, आणि त्याचें मोलही शेंकडा १ इतकेंच. या हिशेबानें ३० ग्रॅमच्या एका ट्यूबमध्यें ३०० मिलिग्रॅम औषध भरतें, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या. ट्यूब हातांत घेतांना ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

पण सहाही गोळ्या शरीरांत जात नाहींत. एका गुडघ्याला दर वेळीं ४ ग्रॅम याप्रमाणें दिवसांतून चार वेळां, म्हणजे एकंदर १६ ग्रॅम लेप आठवडाभर लावून रक्त तपासण्यांत आलें. १६ ग्रॅम लेपांत १६० मिलिग्रॅम औषध असतें. ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसांतून तीनदां घेतली तर तीं १५० मिलिग्रॅम होतात. म्हणजे दोन्ही बाजूंचें वजन जवळजवळ सारखें. तरीही लेप लावणाराच्या रक्तांत दिवसभरांत जें औषध आढळलें, तें गोळी घेणाराच्या मानानें शेंकडा ६ इतकेंच होतें. आणि शिखराची तुलना केली तर शेंकडा १ देखील भरलें नाहीं. "पोटांत थोडेंच जातें" या वाक्यांतलें अर्धें सत्य तें हें.

याच तपासणीचा दुसरा भाग मात्र कोणी सांगत नाहीं. दोन्ही गुडघे व दोन्ही हात मिळून दिवसाला ४८ ग्रॅम लेप लावला, तेव्हां तो शेंकड्याचा आंकडा ६ वरून २० वर गेला. लेप तोच, त्वचा तीच. फक्त जागा वाढली व वजन वाढलें. शेंकडा २० म्हणजे दररोज ३० मिलिग्रॅम तोंडानें घेतल्यासारखें झालें. अर्धी गोळी झाली कीं ती! म्हणूनच या लेपाला मर्यादा घातलेली आहे : पायाच्या कोणत्याही एका सांध्याला दिवसाला १६ ग्रॅम, हाताच्या एका सांध्याला ८ ग्रॅम, आणि सर्व शरीर मिळून ३२ ग्रॅम. तिच्यापलीकडे जाऊं नये.

येथें कोणी विचारील कीं, ४ ग्रॅम म्हणजे डोळ्यांना दिसतें तरी किती? मोठ्या माणसाच्या तर्जनीवर, टोंकापासून पहिल्या पेऱ्याच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढली कीं सुमारें अर्धा ग्रॅम होतो. चार ग्रॅमला अशा आठ रेघा लागतात. बहुतेक घरांत वाटाण्याएवढा लेप गुडघ्यावर चोळून समाधान मानतात आणि मग "कांहीं गुण आला नाहीं" म्हणून कुरकुरतात! गुण न येण्याचीं आणखीही कारणें आहेत. गुडघा व बोटें यांचे सांधे त्वचेच्या जवळ असल्यामुळें तेथें लेप पोंचतो; खुब्याचा सांधा मांसाखालीं खोल दडलेला असल्यानें तेथें तो पोंचत नाहीं. गुडघ्याच्या झिजेवरही त्याचा गुण फार मोठा नाहीं. सहा ते बारा आठवडे लेप लावलेल्या शंभर रुग्णांपैकीं सुमारें साठांना चांगला आराम वाटला. ज्यांना औषधाविना नुसता लेप दिला होता त्यांपैकीं पन्नासांनाही वाटला. या पन्नासांत चोळण्याचा वांटा आहे आणि काळाचाही. दहांचा जो फरक उरतो तो औषधाचा. तो खरा आहे. पण गोळीविना भागावें म्हणून घेण्यासारखा आहे, चमत्कार म्हणून नव्हे.

मग धोका कोठें येतो? तो दाखविण्यासाठीं पुण्याच्या सदाशिव पेठेंतील एका घराचें चित्र डोळ्यांपुढें आणूं. घर कल्पनेंतलें आहे. पण असलीं घरें डॉक्टरांना पदोपदीं भेटतात.

आजींचें वय ७३. रक्तदाबासाठीं त्या आठ वर्षें रोज सकाळीं एक गोळी घेत आल्या आहेत. त्या एका गोळींत दोन औषधें आहेत : एक टेल्मिसार्टन आणि दुसरें लघवी वाढविणारें. गौरी-गणपतींचे दिवस आले. उभ्यानें मोदक वळून, पाटावर बसून-उठून गुडघे भरले आणि पाठही धरली. ट्यूब होतीच. सकाळ-संध्याकाळ दोन्ही गुडघ्यांना व पाठीला लेप लावूं लागल्या. दोन दिवसांत एक ट्यूब संपूं लागली. रात्रीं लेपावर फलाटीनचा पट्टा गुंडाळून वर गरम पाण्याची पिशवी. तिसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं औषधाच्या दुकानांतून गोळ्यांची पट्टी आणली, "आई, दोन वेळां घे, ठणका बसेल." त्या गोळींत ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम होतें. आणखी एक गोष्ट घडत होती, जिच्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. उठतांना गुडघा दुखतो, म्हणून आजींनीं पाणी पिणें कमी केलें होतें. पाणी प्यालें कीं मोरीपर्यंत जावें लागतें!

आठव्या दिवशीं त्यांना मळमळूं लागलें. अन्नावरची वासना गेली, अंगांत त्राण उरलें नाहीं आणि लघवी दिवसांतून दोनदांच, तीही थोडी. डॉक्टरांनीं रक्तदाब पाहिला. एरवीं १३० च्या आंत असणारा वरचा आंकडा १६२ होता. त्यांनीं रक्त तपासायला पाठविलें. क्रिएटिनिन हा रक्तांतील घटक मूत्रपिंडें बाहेर टाकीत असतात. त्यांचें काम मंदावलें कीं तो सांचतो. आजींचा आंकडा चार महिन्यांपूर्वीं ०.९ होता, तो २.१ झाला होता.

"दुखण्यावर काय घेतां?" डॉक्टरांनीं विचारलें.

"कांहीं नाहीं हो डॉक्टर, नुसतं लावते," आजी म्हणाल्या.

खोटें बोलण्याचा त्यांचा हेतु नव्हता. गोळ्या मुलानें आणलेल्या, चार दिवसांपुरत्या. त्या त्यांच्या लेखीं औषधांत जमा नव्हत्या. सूनबाईंनीं पिशवींतून ट्यूब व पट्टी दोन्ही काढून टेबलावर ठेवलीं, तेव्हां उलगडा झाला. डॉक्टरांनीं गोळ्या बंद केल्या, लेप बंद केला, रक्तदाबाची गोळी बदलून दिली, पाणी किती प्यावयाचें तें आंकून दिलें आणि तीन दिवसांनीं पुन्हा रक्त तपासलें. आंकडा उतरूं लागला होता. तीन आठवड्यांनीं तो १.० वर आला. सर्वांचा असा सुखरूप उतरतोच असें नाहीं.

यांत दोष कोणाचा? मूत्रपिंडाची रचना एका टांकीसारखी मनांत आणावी. तिला पाणी आणणारा एक नळ आणि नेणारा एक नळ. टांकींतला दाब योग्य राहिला तरच गाळण्याचें काम चालतें. आणणारा नळ उघडा ठेवण्याचें काम शरीरांतलीं प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें करतात, विशेषतः उतारवयांत आणि शरीरांत पाणी कमी असतां. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन हीं सारीं एका कुळांतलीं औषधें. तीं दुखणें कमी करतात तीं याच प्रोस्टाग्लँडिनचें उत्पादन थांबवून. म्हणजे दुखणें थांबतां थांबतां आणणारा नळही आवळतो. टेल्मिसार्टन जातीच्या गोळ्या नेणारा नळ सैल करतात. एरवीं हा त्यांचा गुणच आहे. लघवीचें औषध मूळ पुरवठाच थोडा घटवितें, आणि आजींनीं पाणी तोडून तो आणखी घटविला. आणणारा नळ आवळलेला, नेणारा सैल, पुरवठा अपुरा : टांकींत दाब राहावा कसा? रक्तदाब वाढला तोही याच गोळीमुळें. ती शरीरांत मीठ व पाणी धरून ठेवते आणि रक्तदाबाच्या औषधाला निष्प्रभ करते.

डायक्लोफेनॅकचा मूत्रपिंडांवर किती विलक्षण आघात होऊं शकतो, याची साक्ष गिधाडांनीं दिली आहे. हें औषध दिलेल्या गुरांचीं मढीं खाऊन भारतांत व शेजारच्या देशांत तीं लक्षावधि मेलीं, तीं मूत्रपिंडें बंद पडून. २००४ मध्यें हें कारण सिद्ध झालें आणि २००६ मध्यें भारत सरकारनें गुरांसाठीं या औषधाला बंदी केली. माणसाचीं मूत्रपिंडें गिधाडासारखीं नाजूक नाहींत, हें आपलें भाग्य.

आतां आजींचा वांटणीचा हिशेब. दोन दिवसांस ३० ग्रॅम, म्हणजे दररोज १५ ग्रॅम लेप. त्यांत १५० मिलिग्रॅम औषध. शेंकडा ६ धरलें तर तोंडानें घेतलेल्या ९ मिलिग्रॅमइतकें. पट्टा व गरम पिशवी यांमुळें तें दुप्पट झालें असें मानलें तरी १८. उलट पट्टींतल्या गोळ्या दिवसाला दोन. त्यांतील औषध जवळजवळ सर्वच्या सर्व रक्तांत जाणारें. आजींच्या मूत्रपिंडांवर जो आघात झाला त्यांत मोठा वांटा निर्विवाद गोळीचा आहे. लेप हा साथीदार होता. परंतु त्याचा खरा अपराध निराळाच. "नुसतं लावते" या सहा अक्षरांच्या समाधानामागें गोळी लपली ती त्याच्यामुळें.

तर मग लेप व गोळी एकत्र घेतलीं तर निदान आराम तरी दुप्पट मिळतो काय? तसेंही नाहीं. डायक्लोफेनॅकचें त्वचेवर लावण्याचें द्रावण आणि त्याचीच गोळी हीं दोन्ही एकाच वेळीं दिलेल्या रुग्णांची तुलना नुसतें एकच घेणारांशीं करण्यांत आली. गुण वाढल्याचें दिसलें नाहीं; वाढलें तें गुदद्वारावाटे रक्त जाणें, आणि क्रिएटिनिन व रक्तांतील हिमोग्लोबिन यांचे बिघडलेले आंकडे. सौदा घाट्याचा, हें सांगण्यास वैद्याची गरज नाहीं. म्हणून नियम असा कीं, या कुळांतली गोळी चालूं असतां या कुळांतला लेप लावूं नये, आणि लेप चालूं असतां गोळी घेऊं नये. डॉक्टरांनीं समजून-उमजून सांगितलें तरच अपवाद. पॅरासिटॅमॉल या कुळांतलें नाहीं. ठणका फार झाला तर लेपाच्या जोडीला तें योग्य मात्रेंत चालतें. पण दुकानांतल्या कित्येक पट्ट्यांत पॅरासिटॅमॉलच्याच जोडीला ॲसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घातलेलें असतें. पट्टीच्या मागील बाजूची बारीक अक्षरें चष्मा लावून वाचल्याविना घेऊं नये.

हृदयासाठीं रोज ॲस्पिरिनची लहान गोळी घेणारे पुष्कळ आहेत. ती गोळी मनानें कधींही बंद करूं नये. एखाद्या सांध्यावर मापानें लेप लावावयाचा असेल तर तेवढें डॉक्टरांना विचारून घ्यावें. ज्यांना ॲस्पिरिननें किंवा असल्या गोळीनें दमा उसळतो किंवा अंगावर गांधी उठतात, त्यांना मात्र लेपही वर्ज्य. गर्भवतींनीं डॉक्टरांवांचून यांतलें कांहींच वापरूं नये, शेवटच्या तीन महिन्यांत तर नाहींच.

आतांपर्यंत डायक्लोफेनॅकविषयीं बोलणें झालें. परंतु ट्यूब नीट वाचली तर तींत आणखी मंडळी आढळतात. आपल्याकडील कित्येक लेपांत शेंकडा १० मिथिल सॅलिसिलेट, शेंकडा ५ मेंथॉल आणि थोडें जवसाचें तेल घातलेलें असतें. स्प्रेमध्यें हींच मंडळी मद्यार्कांत विरघळविलेलीं असतात. (स्प्रे पेट घेतो, देवघरांत निरांजन तेवत असतां त्याच खोलींत तो उडवूं नये.) मेंथॉल बिचारें फसवें आहे खरें, पण निरुपद्रवी. त्वचेंतल्या ज्या मज्जातंतूंना गारवा समजतो, त्यांनाच तें चाळवतें, आणि गारव्याच्या त्या गोंगाटांत दुखण्याचा आवाज ऐकूं येत नाहीं. फवारतांच आराम वाटतो तो मेंथॉलचा. डायक्लोफेनॅकला काम करण्यास दिवस लागतात.

मिथिल सॅलिसिलेटची गोष्ट वेगळी. विंटरग्रीनचें तेल म्हणून ज्याचा उग्र गोड वास सर्वांना परिचित आहे तें हेंच, आणि हें ॲस्पिरिनचें सख्खें भावंड. शुद्ध तेलाच्या एका चहाच्या चमच्यांत, म्हणजे ५ मिलिलिटरमध्यें, जवळजवळ ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतका ऐवज असतो. ३२५ मिलिग्रॅमच्या एकवीस गोळ्या! लहान मुलानें हें तेल चाटलें तर तें जिवावरचें प्रकरण होतें. त्वचेवाटेही तें डायक्लोफेनॅकहून सहज आंत शिरतें. त्यांत गरम हवा व श्रम यांची भर पडली तर फारच. न्यूयॉर्क शहरांत २००७ मध्यें एका सतरा वर्षांच्या धावपटू मुलीचा मृत्यु झाला तो असलीं अनेक मलमें फार प्रमाणांत अंगाला चोळल्यामुळें, असें तेथील सरकारी शवचिकित्सकानें जाहीर केलें. असा प्रसंग अति दुर्मिळ. पण "लावायचें औषध" या शब्दांना ती एक कायमची तळटीप होऊन बसली आहे.

घरगुती दृष्टीनें अधिक जवळचा धोका वॉरफरिन घेणारांना. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या, किंवा हृदयांत कृत्रिम झडप बसविलेल्या माणसांना रक्त गोठूं नये म्हणून ही गोळी देतात. तिचें माप फार नाजूक असतें. आय. एन. आर. नांवाचा आंकडा तपासून तो बहुधा २ ते ३ यांच्या दरम्यान, झडपेच्या कांहीं रुग्णांत त्याहून थोडा वर, राखावा लागतो. मिथिल सॅलिसिलेट रक्तांत उतरलें कीं तें वॉरफरिनचा जोर वाढवितें, आणि शिवाय स्वतःही रक्तांतल्या गोठणाऱ्या कणांना मंदावतें. सारें सुरळीत चाललेलें असतां, गोळी एक मिलिग्रॅमनेंही न वाढवितां, केवळ गुडघ्याला तेल चोळून हा आंकडा भडकल्याच्या घटना हाँगकाँगच्या डॉक्टरांनीं १९९५ मध्येंच नोंदवून ठेवल्या आहेत. अशा रुग्णाच्या हिरड्यांतून दांत घांसतांना रक्त येऊं लागलें, कोठें आपटल्याचें स्मरत नसतां अंगावर काळेनिळे डाग उमटले, किंवा शौचास डांबरासारखें काळें होऊं लागलें, तर उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं रक्त तपासून घ्यावें. आणि डॉक्टरांना गोळ्यांची यादी देतांना लेपाचें नांवही सांगावें. वॉरफरिन चालूं असेल त्या घरांत मिथिल सॅलिसिलेट असलेली ट्यूब वेगळ्या खणांत ठेवलेली बरी.

उरलें लावण्याचें तंत्र. फाटलेल्या, खरचटलेल्या किंवा इसबाच्या त्वचेवर लेप लावला तर विटांची ती भिंतच तेथें नसते, आणि औषध बेधडक आंत जातें. लेपावर प्लॅस्टिक किंवा घट्ट पट्टा गुंडाळूं नये. त्वचा दमट होते व सांधे सैल पडतात. गरम पिशवीचें मात्र थोडें तारतम्य आहे. लेप लावण्यापूर्वीं पाव तास शेक घेतल्यानें रक्तांतलें औषध फारसें वाढत नाहीं, असें दिसून आलें आहे. लेप लावल्यावर शेकण्याची गोष्ट निराळी. ती टाळलीच पाहिजे, आणि मिथिल सॅलिसिलेट असेल तर निश्चितच टाळली पाहिजे. शेकावयाचें तें आधीं, लावावयाचें तें मागून, हा क्रम ध्यानांत ठेवला कीं पुरे. कपडा दहा मिनिटांनीं अंगावर घ्यावा, तासभर ती जागा धुऊं नये, आणि हात साबणानें धुवावे. बोटांचे सांधे हेंच दुखण्याचें स्थान असेल तर ते तासानें धुवावे. केटोप्रोफेन नांवाचा दुसरा एक लेप मिळतो. तो लावलेल्या जागीं ऊन लागलें तर त्वचा भाजल्यासारखी फुटते. म्हणून लावणें थांबविल्यावरही दोन आठवडे ती जागा झांकून ठेवावी लागते.

आजींचें पुढें काय झालें, हें कोणी विचारील. डॉक्टरांनीं त्यांना लेप कायमचा बंद केला नाहीं. आंकडा पूर्ववत् झाल्यावर मिथिल सॅलिसिलेट नसलेली साधी ट्यूब लिहून दिली. एका वेळीं एकच गुडघा, जो अधिक दुखत असेल तो. आठवडाभर लावून गुण न आल्यास थांबावयाचें, आणि महिन्यानें पुन्हा क्रिएटिनिन. अतिसार, वांत्या किंवा कडक उपवास यांच्या दिवशीं ट्यूबला हातही लावावयाचा नाहीं. पाण्याचा प्रश्न सूनबाईंनीं सोडविला. मोरीच्या वाटेवर भिंतीला एक दांडा ठोकून घेतला, धरून चालण्यासाठीं. आणि आजींच्या खाटेशेजारीं पाण्याचा तांब्या भरून ठेवतात, तो रात्रीपर्यंत रिता झाला कीं नाहीं तें पाहतात. गोळ्यांची ती पट्टी चिरंजीवांनीं दुकानदाराला परत नेऊन दिली. त्यानें ती घेतली नाहीं, हें सांगावयास नकोच.